भावोजींच्या पावत्या

सातारा

चि. ओंकार,


तू पाठवलेले सगळ्या पावत्यांचे आणि पासबुकांचे फोटो मिळाले. गावची जमीन विकल्याचे पैसे ठेवी आहेत त्याच सहकारी बँकेत टाकावेत असं भावोजींच्या मनात आहे, कारण तिथे बाकीच्यांपेक्षा एक टक्का व्याज जास्त मिळतं आणि ‘पाच लाखांपर्यंत सरकारची हमी आहेच’. तुझं म्हणणं, मामा बँकेत होता, त्याला विचारू. विचारलंस ते बरं केलंस, कारण हे पाच लाख नेमके कशाकशावर मोजतात ते भावोजींना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

आधी हमी कोणाची ते बघ. ठेव विमा देतं ते ठेव विमा आणि पत हमी महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी. ते रिझर्व्ह बँकेची उपकंपनी आहे. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून हा विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा होती दीड हजार रुपये. १९९३ पासून एक लाख होती, आणि पीएमसी बँकेचं प्रकरण झाल्यावर ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. हप्ता बँक भरते, आपल्या खात्यातून काही कापलं जात नाही. स्टेट बँक असो, खासगी बँक असो की आपली नागरी सहकारी बँक, मर्यादा सगळीकडे सारखीच.

आता मोजणी. विमा पावतीवर नसतो आणि शाखेवरही नसतो. एका बँकेत, एका माणसाच्या, एकाच नात्याने ठेवलेल्या सगळ्या रकमा एकत्र धरतात आणि त्यांना मिळून पाच लाख. शाखा दहा असल्या तरी बँक एकच. मुद्दल आणि तोपर्यंतचं व्याज दोन्ही त्यात येतं. हिशेबाची तारीख असते ती बँकेचा परवाना रद्द होण्याची, किंवा बँकेवर सर्वसमावेशक निर्बंध येण्याची.

भावोजींच्या कागदांवरून बेरीज करून बघू. बचत खात्यात एक लाख दहा हजार. मुख्य शाखेतली मुदत ठेव चार लाखांची आणि तिच्यावर आजपर्यंत साठलेलं व्याज बावीस हजार. मार्केट यार्ड शाखेतली दुसरी ठेव अडीच लाखांची, तिचं व्याज दर तिमाहीला बचत खात्यात जमा होतं म्हणून वेगळं धरत नाही. या तिन्ही खात्यांवर त्यांचं एकट्याचं नाव आहे. चौथं दुकानाचं चालू खातं, त्यात नव्वद हजार. दुकान वेगळं, माणूस वेगळा असं भावोजी धरून चालतात. पण दुकान त्यांच्या एकट्याच्या मालकीचं आहे, भागीदारी नाही, कंपनी नाही. एकमेव मालकाचं खातं विम्याच्या हिशेबात त्याच्या वैयक्तिक खात्यांतच धरलं जातं. भागीदारीचं असतं तर वेगळं धरलं असतं. म्हणजे एकूण झाले आठ लाख बहात्तर हजार.

त्यातून बँकेचं येणं वजा होतं. भावोजींनी सोनेतारण कर्ज काढलं आहे, बाकी साठ हजार. बँक ते आधी ठेवींतून वळतं करून घेऊ शकते, आणि उरलेल्या रकमेवर पाच लाखांची मर्यादा लागते. आठ लाख बारा हजार उरले, त्यांतले पाच लाख विम्यात बसले, तीन लाख बारा हजार बाहेर राहिले. भावोजींच्या बाबतीत कर्ज बाहेर पडणाऱ्या भागातूनच गेलं, म्हणून विम्याची रक्कम कमी झाली नाही. पण ज्याची पाच लाखांची ठेव आणि दोन लाखांचं कर्ज असेल, त्याच्या हातात तीनच लाख पडतात. ठेवीवर कर्ज काढून निवांत बसलेले पुष्कळ लोक मी शाखेत पाहिले, त्यांना हे ऐकून नेहमी धक्का बसायचा.

संयुक्त ठेवींचं गणित वेगळं. तीन लाखांची एक पावती ‘भावोजी आणि ताई’ अशी आहे, दुसरी तेवढ्याच रकमेची ‘ताई आणि भावोजी’ अशी. फोटो मोठा करून नावांचा क्रम बघ, कारण नियम त्या क्रमावर चालतो. क्रम एकच असता तर दोन्ही मिळून सहा लाख झाले असते आणि त्यांना पाचच मिळाले असते. क्रम उलटा आहे म्हणून त्या दोन वेगळ्या धरल्या जातात, प्रत्येकीला स्वतंत्र पाच लाखांची मर्यादा आहे, आणि भावोजींच्या एकट्याच्या ठेवींशी त्यांचा संबंध येत नाही. पालक म्हणून अज्ञान मुलाच्या नावे ठेवलेली रक्कमही वेगळीच मोजतात. वारसनोंद केल्याने मात्र मर्यादेत काही फरक पडत नाही. वारसाचं नाव म्हणजे दुसरा ठेवीदार नव्हे.

आता तू म्हणशील, मग नावांची उलटापालट करूनच सगळे पैसे त्याच बँकेत ठेवू. नियमात ते बसतं. पण मला ते रुचत नाही. प्रत्येक पावतीवर पहिलं नाव कोणाचं यावर व्याजाची करकपातही ठरते, आणि पुढे वारसाला कागद लावताना तीच गुंतागुंत डोक्याला ताप होते. दुसरी बँक निवडणं त्याहून सोपं, कारण दुसऱ्या बँकेत मोजणी नव्याने सुरू होते. भावोजींनी चार लाखांची ठेव मुदत संपताच तिच्या व्याजासकट दुसऱ्या बँकेत नेली, तर इथे त्यांच्या एकट्याच्या नावे साडेचार लाख उरतात. सगळे विम्यात, वर पन्नास हजारांची जागा व्याजासाठी. ही जागा ठेवायची आठवण ठेव. पाच लाखांची नीट गोल पावती केली की पहिल्या दिवसापासून तिचं व्याज विम्याबाहेर असतं. जमिनीच्या पैशांनाही हेच माप लाव.

एवढं करूनही एक गोष्ट विमा देत नाही, ती म्हणजे वेळ. पीएमसी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले आणि खातेदाराला आधी फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ती मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, पण मधल्या काळात ज्यांच्या घरी दवाखाना किंवा लग्न होतं त्यांचे काय हाल झाले ते मुंबईने पाहिलं. बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतचे पैसे विम्यातून आले, त्यावरची रक्कम मात्र हप्त्याहप्त्याने, दहा वर्षांपर्यंत लांबणारी. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ च्या फेब्रुवारीत निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला तो २०२२ च्या सप्टेंबरमध्ये. २०२१ पर्यंत नियम असा होता की बँक प्रत्यक्ष अवसायनात गेल्याशिवाय विमा हलत नसे, त्यामुळे निर्बंधांच्या काळात ठेवीदार लटकलेला राहायचा.

२०२१ च्या दुरुस्तीने हे बरंच सुधारलं. १ सप्टेंबर २०२१ पासून निर्बंध आल्यावर नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याचं बंधन आलं. पहिले पंचेचाळीस दिवस बँकेला ठेवीदारांची यादी आणि दावे द्यायला, पुढचे तीस तपासणीला, शेवटचे पंधरा पैसे द्यायला. रिझर्व्ह बँकेला विलीनीकरणाची शक्यता दिसली तर आणखी नव्वद दिवस मिळू शकतात. आणि हे आपोआप होत नाही. ठेवीदाराने आपली इच्छा लेखी कळवावी लागते, दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील आणि ओळखीचे कागद द्यावे लागतात. जुना पत्ता, बंद पडलेला मोबाइल नंबर, पासबुकावर वेगळं आणि आधारवर वेगळं नाव, असल्या कारणांनी अर्ज अडकतात. ताईच्या बचत खात्यावर अजून तिचं माहेरचं नाव आहे, ते या महिन्यात दुरुस्त करून घे. आणि घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे दुसऱ्या बँकेत, कधीही काढता येतील असे असू देत.

पाच लाखांवरच्या पैशांसाठी अवसायकाकडे रांग लागते. कर्जं वसूल होतील तशी रक्कम जमते, आणि महामंडळाने दिलेले पैसेही त्याच वसुलीतून परत जायचे असतात. त्यामुळे वरचे तीन लाख ‘कधीतरी मिळतील’ याच्यावर भावोजींनी हिशेब करू नये.

आता ज्याला विमा मुळीच नाही, ते. फोटोंत बँकेचा पंचवीस हजारांच्या भागांचा दाखला दिसला. सभासद म्हणून घेतलेले भाग ही ठेव नव्हे, ते भांडवल आहे, बँक बुडाली तर ते आधी बुडतात. लॉकरमधल्या दागिन्यांशी ठेव विम्याचा काही संबंध नाही. बँकेच्या काउंटरवर विकलेली म्युच्युअल फंडाची योजना किंवा रोखे बँकेचा शिक्का असला तरी ठेव ठरत नाहीत. कोणी ओटीपी काढून खातं रिकामं केलं तर त्याची तक्रार वेगळ्या मार्गाने, या विम्यातून नाही. बँक सुरळीत चालू असताना हा विमा हलतच नाही.

सगळ्यात मोठी काळजी मला वेगळ्याच कागदाची वाटली. सहा लाखांची एक पावती पतसंस्थेची आहे. भावोजी तिला सहजपणे ‘आपली बँक’ म्हणतात. पतसंस्था ही बँक नाही, मग ती आपल्या जिल्ह्याची असो की बहुराज्य, आणि तिच्या ठेवींना या विम्याचं एक रुपयाचंही संरक्षण नाही. चेअरमन ओळखीचा आहे, घरी चहाला येतो, हे मला माहीत आहे. तो चांगला माणूस असेलही. पण बँकिंग नियमन कायदा सहकारी संस्थांना रिझर्व्ह बँकेच्या परवान्याशिवाय नावात ‘बँक’ शब्द वापरू देत नाही, आणि तरीही तो वापरणाऱ्या संस्थांबद्दल रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावं लागलं आहे. पाटीवरच्या शब्दावर जाऊ नकोस. महामंडळाच्या संकेतस्थळावर विमा असलेल्या बँकांची यादी आहे, त्यात पूर्ण नोंदणीकृत नावाने शोध. सापडलं नाही तर विमा नाही, मग शाखेतला साहेब काहीही म्हणो.

जमिनीचे पैसे कधी येणार ते कळव. तोपर्यंत त्या पतसंस्थेच्या पावतीची मुदत बघ. कोपऱ्यात ‘आपोआप नूतनीकरण’ असं छापलेलं असेल तर मुदतीच्या आधीच लेखी अर्ज दे, अर्जाच्या प्रतीवर पोच घे. भावोजींना वाईट वाटणार असेल तर माझं नाव सांग, मी रविवारी त्यांच्याशी फोनवर बोलेन.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा