रात्रीचा भात

बोईसरच्या स्थानकावर पहाटेपासून गर्दी लोटते. कोणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याकडे निघालेला असतो, कोणी अणुवीज केंद्राकडे, तर कोणी गाडीने पालघरकडे. बहुतेकांच्या पिशवीत एक डबा असतो आणि त्या डब्यात पुष्कळदा भात असतो. कारण हा मुलूख भाताचाच आहे. वाड्याचा कोलम तांदूळ तर दूरवर नावाजलेला. रात्री भात उरतो, सकाळी त्याला मोहरी, मिरची व हळद यांची फोडणी मिळते आणि तो डब्यात जाऊन बसतो. ही रीत जुनी आहे. अन्न वाया जाऊ नये, हा तिच्यामागचा हेतूही चांगला आहे. परंतु उन्हाळ्यात याच भाताने कधी कधी माणूस आजारी पडतो आणि दोष मात्र फोडणीच्या तेलाला दिला जातो.

खरा दोषी कोण, याचा उलगडा व्हायला दूरदेशीचा फोडणीचा भात कारण झाला. १९७१ साली ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांत जेवलेल्या लोकांना थोड्याच तासांत ओकाऱ्या होऊ लागल्या. सर्वांनी परतलेला भात खाल्ला होता. चौकशी करता असे आढळले, की आचारी आदल्या दिवशी पुष्कळ भात शिजवून तो बाहेरच ठेवीत आणि गिऱ्हाईक आले की तेलावर परतून देत. शीतकपाटात ठेवला तर भाताचे गोळे होतात, शिते मोकळी राहत नाहीत, अशी त्यांची अडचण होती. त्या भातात ‘बॅसिलस सिरीयस’ नावाचा जंतू भरपूर सापडला.

हा जंतू मातीत राहतो. खाचरातल्या मातीतून तो भाताच्या कणसावर आणि तेथून तांदळात येतो. तांदूळ कितीही धुतला, तरी तो सगळा जात नाही. बिकट प्रसंग आला, की हा जंतू स्वतःभोवती टणक कवच निर्माण करून निपचित पडतो. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. भात उकळताना इतर जंतू मरतात. पण यांतले काही बीजाणू तग धरतात. इतकेच नव्हे, तर त्या उष्णतेनेच त्यांची झोप मोडते. भात कोमट झाला, की ते कवचाबाहेर येतात. समोर मऊ, ओलसर अन्न असते आणि खाण्यात वाटेकरी कोणी उरलेला नसतो!

आता एका घरातील रात्र पाहू. आठ वाजता भात शिजला, नऊला जेवणे झाली. पाव पातेले भात उरला, तो झाकण घालून ओट्यावर ठेवला. मे महिन्याची रात्र, समुद्रावरून येणारी दमट हवा. स्वयंपाकघरात पहाटेपर्यंत तीस अंशांच्या आसपास उष्णता. दहाच्या सुमारास भात कोमट झाला आणि जंतू वाढू लागले. अशा उबेत एका जंतूचे सुमारे अर्ध्या तासात दोन होतात, दोनांचे चार, चारांचे आठ. सकाळी सहापर्यंत सोळा वेळा दुप्पट होऊन एकाचे पासष्ट हजारांवर गेले. चमचाभर भातात प्रारंभी वीस जंतू असतील, तर आता ते तेरा लाख झाले. वाढता वाढता ते भातात एक विष सोडतात.

सकाळी त्या भाताला खमंग फोडणी बसली, चांगली वाफही आली. जंतू मेले, विष मात्र तसेच राहिले. हे विष उकळण्याने नाहीसे होत नाही. कुकरमधील वाफेलाही ते दाद देत नाही. दुपारी साडेबारा वाजता डबा उघडला, तेव्हा वासात, रंगात, चवीत काही फरक नव्हता. भात आंबला, त्याला तार सुटली, तर माणूस सावध होतो. पण ते काम बहुधा निराळ्या जंतूंचे. या विषाला स्वतःचा वास नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत केव्हाही मळमळ व ओकाऱ्या सुरू होतात. बहुधा दिवसभरात त्या थांबतात. तोवर जलसंजीवनीचे पाणी घोट घोट द्यावे. पाणीही पोटात ठरत नसेल, तर मात्र आरोग्य केंद्रात न्यावे.

म्हणजे सकाळची फोडणी उपयोगाची नाही; जे करायचे ते आदल्या रात्रीच. उरलेला भात खोल पातेल्यात राहिला, तर त्याचा मधला भाग तासन् तास कोमट राहतो. तोच स्वच्छ परातीत बोटभर जाडीचा पसरला आणि वर जाळी घातली, तर लवकर निवतो. मग तो उथळ डब्यात भरून शीतकपाटात ठेवावा. शिजल्यापासून हे सारे दोन तासांच्या आत व्हावे. कडक उन्हाळ्यात एका तासातच उरकावे. पाच अंशांखाली हा जंतू वाढत नाही म्हटले तरी चालेल. असा भात दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. त्याची शिते जरा चिकटतात, हे खरे. ब्रिटनमधल्या आचाऱ्यांना तेवढेच सोसवले नाही.

ज्या घरी शीतकपाट नाही, तेथे पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवतात. त्याने भात लवकर निवतो, पण रात्रभर टिकत नाही. पाण्याची वाफ होताना थंडावा येतो आणि पालघरच्या दमट किनाऱ्यावर वाफ होतेच थोडी. विदर्भातल्या कोरड्या हवेत माठ जितका गार होतो, तितका येथे होत नाही. अशा घरी उन्हाळ्यात मूठभर तांदूळ कमी लावणे, हाच उपाय आहे.

आमटी व रस्सा यांची गोष्ट थोडी वेगळी. दाट रश्श्याच्या तळाशी, जेथे हवा पोचत नाही, तेथे वाढणारा दुसरा एक जंतू आहे. तो जिवंत पोटात गेल्यावर आतड्यात विष करतो. म्हणून रस्सा ढवळत खळखळ उकळला, तर हा जंतू मरतो आणि धोका बराच टळतो. भाताच्या बाबतीत ही सोय नाही. तरी मोठ्या पातेल्यातला रस्साही लहान भांड्यांत वाटून लवकर निववावा लागतो, तो लागतोच. कोकमाच्या किंवा चिंचेच्या आंबटपणाने जंतूंची वाढ मंदावते. पण नुसत्या आमसुलावर भरवसा ठेवून माशाचे कालवण रात्रभर बाहेर ठेवता येत नाही.

राहिला डबा. सकाळी साडेसहाला भरलेला साधा डबा दुपारपर्यंत सहा तास कोमट राहतो आणि ती ऊब जंतूंना सर्वांत मानवते. उष्णता राखणारा दुहेरी डबा असेल, तर त्यात आधी उकळते पाणी घालून पाच मिनिटे ठेवतात, मग ते ओतून वाफाळता ताजा भात काठोकाठ भरतात. दुपारी उघडल्यावर त्यातून वाफ निघाली, तर भात ठीक. नुसता कोमट लागला, तर डब्याची उष्णता राखण्याची शक्ती गेली असे समजावे. असा डबा नसलेल्या घरी एप्रिल-मे महिन्यांत भाताऐवजी पोळी किंवा तांदळाची भाकरी आणि कोरडी भाजी देतात. भाकरीत ओलावा कमी, म्हणून जंतूंना ती भाताइतकी सोयीची नसते. भाजी मात्र पूर्ण निवल्यावरच भरतात आणि डबा कारखान्याच्या पत्र्याखाली किंवा उन्हातल्या सायकलीला टांगून न ठेवता सावलीत ठेवतात.