मित्राच्या घरी पहिला नमस्कार



मित्राच्या आईवडिलांची पहिली भेट बरीचशी दारातच पार पडते. दार उघडणाऱ्या माणसाला समोरच्या अनोळखी मुलाबद्दल तीन गोष्टी कळायला हव्या असतात: हा कोण, कोणाकडे आला आणि किती वेळ थांबणार. त्यांनी विचारायच्या आधी या तिन्ही गोष्टी ज्याच्या तोंडून येतात, त्याच्याबद्दल घरातली माणसे लगेच निर्धास्त होतात. हात जोडणे, पाया पडणे, गोड बोलणे हे सगळे त्यानंतरचे.

पालघरच्या किनारपट्टीवरच्या गावांत आणि बोईसरच्या वसाहतींत ही ओळख देण्याची रीत वेगवेगळी आहे. सातपाटी, मुरबे, चिंचणी, वरोर अशा गावांत नवा चेहरा दिसला की ओटीवरचे आजोबा थेट विचारतात, "कोणाचा रे तू?" त्यांना मुलाचे नाव तितकेसे नको असते, घर हवे असते. आडनाव, आळी किंवा पाडा आणि वडिलांचे नाव सांगितले की आजोबा मनातल्या मनात नाते जोडून मोकळे होतात. बोईसरला तसे होत नाही. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि केरळपासून बिहारपर्यंतची कुटुंबे एकेका इमारतीत राहू लागली. तिथे आडनावावरून घर कळत नाही. म्हणून शाळा किंवा कॉलेज, वर्ग आणि राहण्याचे ठिकाण सांगावे लागते. "नमस्कार काकू, मी अकरावीत ह्याच्याच वर्गात आहे, सातपाटीहून आलो. प्रोजेक्टचे काम आहे, सहाच्या लोकलने परत जाणार," एवढ्यात सारे आले. आपले नाव मात्र पूर्ण आणि सावकाश सांगावे. मित्रांत चालणारे टोपणनाव इथे कामाचे नाही.

या भागात वेळेकडे जास्त लक्ष द्यावे लागते. एमआयडीसीतल्या कारखान्यांत साधारण सकाळी सात ते तीन, तीन ते अकरा आणि रात्री अकरा ते सकाळी सात अशा पाळ्या चालतात. नाईट करून आलेले काका सकाळी अकरा वाजता गाढ झोपेत असतात. त्या वेळी लावलेली एक लांब बेल घरच्यांच्या लक्षात राहते, आणि नंतर कितीही नम्र नमस्कार केला तरी ती विसरली जात नाही. म्हणून मित्राला आदल्या दिवशी एवढेच विचारावे, "बाबांची ड्युटी कोणती आहे?" साप्ताहिक सुट्टी सगळीकडे रविवारीच असते असे धरून चालू नये. मच्छीमारांच्या घरी घड्याळापेक्षा भरतीओहोटी आणि बोट लागण्याची वेळ महत्त्वाची असते. बोट लागलेली असताना मासळी निवडणे, वाटे करणे, विकायला नेणे हे सगळे घरातल्या बायकांच्या हातात असते आणि पाहुण्याकडे बघायला कोणाला सवड नसते. चिंचणी-वरोरकडच्या काही घरांत दागिन्यांचे डाय कोरण्याचे काम घरातच चालते. तिथे पुढच्या खोलीत कोणी पोलादी ठोकळ्यावर छिन्नी धरून वाकलेले दिसले, तर त्यांच्या उजेडाच्या आड उभे राहू नये आणि डाय हातात घेऊन बघू नये. त्यांनी मान वर केली की मगच नमस्कार करावा. अर्धवट कोरलेल्या रेघेवरून हात सरकला तर कित्येक तासांचे काम वाया जाते.

गेट आणि पहारा असलेल्या वसाहतींत ओळख दारापूर्वीच सुरू होते. तिथे नोंदवहीत नाव, फ्लॅट नंबर आणि वेळ लिहावी लागते, काही ठिकाणी आतून फोनवर होकार मिळाल्यावरच सोडतात. कॉलेजचे ओळखपत्र जवळ ठेवावे आणि मित्राच्या वडिलांचे पूर्ण नाव आधीच विचारून ठेवावे. गेटवर "त्याचे बाबा… आडनाव काय बरे?" अशी चाचपडत सुरुवात झाली की वर फोन जातो आणि घरी कोणी संशयित आल्यासारखा सूर लागतो.

दाराशी आल्यावर बेल एकदाच, आखूड दाबावी आणि एक पाऊल मागे सरकून उभे राहावे, म्हणजे भिंगातून किंवा जाळीच्या दारातून चेहरा दिसतो. हेल्मेट काढलेले, इअरफोन कानातून काढून खिशात ठेवलेले, मोबाइल हातात नसलेला. चपला पायपुसण्यावर सोडू नयेत, इतरांच्या चपलांच्या शेजारी भिंतीला लावून ठेवाव्यात. पावसाळ्यात चिखलाचे पाय घेऊन सरळ फरशीवर जाण्याऐवजी "पाय धुवायला पाणी मिळेल का?" असे विचारले तर कोणालाही बरे वाटते. गावाकडे बहुधा ओटीजवळच पाण्याची बादली किंवा नळ असतो.

पहिला नमस्कार दार उघडणाऱ्याला करावा. घरात आजी-आजोबा असतील तर आत आल्यावर लगेच त्यांच्याकडे वळावे. दोन्ही हात जोडून, चेहऱ्याकडे बघून, ऐकू जाईल एवढ्या आवाजात "नमस्कार काका" किंवा "नमस्कार काकू" म्हटले की महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत ते पुरते. मित्र स्वतःच्या आईला "अगं आई, तू" म्हणत असला तरी पाहुण्याने "तुम्ही"च म्हणावे. वसाहतीतल्या बऱ्याच घरांत आंटी आणि अंकल रूढ आहे, तिथे तेच म्हणणे योग्य. हिंदी भाषिक घरी "नमस्ते आंटी", आदिवासी घरी "जोहार", बौद्ध घरी "जय भीम", मुस्लिम घरी "अस्सलाम अलैकुम" असे म्हटले तर त्या घराला आपुलकी वाटते. पण त्याला एक मर्यादा आहे. शब्द नीट येत असेल आणि मित्राकडून विचारून घेतलेला असेल तरच वापरावा. चेहऱ्यावरून किंवा आडनावावरून अंदाज करून कोणाचे अभिवादन त्यांच्यावर लादू नये. साधा नमस्कार कोणालाही खटकत नाही. तशीच गोष्ट बोलीची. घरातले लोक आपसांत वाडवळीत किंवा मांगेलीत बोलत असतील आणि पाहुण्याची ती बोली नसेल, तर तिचा हेल काढून बोलू नये. त्याला ते प्रेमाचे वाटले तरी घरच्यांना नक्कल वाटते.

वाकून नमस्कार करावा की नाही, यावर मुले बरीच अडखळतात. आजी-आजोबांना वाकून नमस्कार करणे बहुतेक मराठी घरांत आवडते. मित्राच्या आईवडिलांच्या पाया पडायला हवेच असे नाही, सणाचा दिवस असेल तर जरूर पडावे. ज्या घरांत पाया पडण्याची पद्धत नाही तिथे वाकल्याने समोरचा माणूस अवघडून मागे सरकतो. तो मागे सरकला की तिथेच थांबून हात जोडावेत, पुन्हा वाकण्याचा हट्ट धरू नये. आजारी माणूस आडवा असेल तर त्याच्या पाया पडत नाहीत, उशाशी उभे राहून नमस्कार करतात. कोणी जेवत किंवा पूजेला बसलेले असेल तर ते उठेपर्यंत थांबावे. काही घरी मुलगे आणि मुली यांच्यातले हस्तांदोलन किंवा जवळीक चालत नाही, म्हणून हात पुढे करण्याचे काम मोठ्यांवर सोडावे.

नमस्कारानंतर लगेच प्रश्न येतात. बाबा काय करतात, घरी कोण कोण, दहावीला किती टक्के मिळाले. यात चौकशी कमी आणि ओळख जास्त असते. एका शब्दात उत्तर दिले तर मुलगा घुमा वाटतो, सगळा पाढा वाचला तर आगाऊ. दोन वाक्यांत उत्तर द्यावे आणि त्याच धाग्याने एक प्रश्न आपणही विचारावा. "बाबांची बोट आहे, सातपाटीला. तुम्ही मूळचे इकडचेच का?" इथे घरच्यांना बोलायला जागा मिळते. टक्के कमी असतील तर आहेत तेवढे सरळ सांगावेत. मित्राच्या गुणांशी तुलना सुरू झाली तर त्यात तेल ओतू नये आणि कॉलेजातल्या त्याच्या भानगडी तर मुळीच सांगू नयेत. त्या पाच मिनिटांत मित्राचे घरातले वजन पाहुण्याच्या हातात असते.

हात रिकामे नसावेत असे वाटले तर नेण्याच्या वस्तूचाही आधी विचार करावा. सातपाटीच्या मुलाला सुके बोंबील न्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे, घरात तेच सर्वांत चांगले असते. पण वसाहतीतल्या शाकाहारी घरी त्या पुडक्याचा वास दार उघडताच आत शिरतो आणि काकूंना ते घ्यावे की नाकारावे कळत नाही. मित्राला विचारून खात्री नसेल तर चिकू किंवा केळी न्यावीत. ती पिशवी मित्राच्या नव्हे, त्याच्या आईच्या हातात द्यावी, "आईने दिलेत" एवढे म्हणून.

बसा म्हटल्यावरच बसावे, तेही खुर्चीवर, पलंगावर नाही. पाण्याचा पेला पुढे आला की दोन घोट तरी घ्यावेत. चहा चालत नसेल तर तो आधणात पडण्यापूर्वीच सांगावे, "काकू, मी चहा घेत नाही, पाणी पुरे." कप समोर आल्यावर नाही म्हटले की त्यांचे श्रम फुकट जातात. स्वयंपाकघरात आणि देवघरात बोलावल्याशिवाय जाऊ नये. मुलीला निघताना कुंकू लावायला कोणी पुढे आले आणि तिच्या घरी ती रीत नसेल, तर हात जोडून "आमच्याकडे लावत नाहीत, काकू" असे सौम्यपणे सांगितले की पुरते. मागे सरकून तोंड फिरवू नये.

निघण्याची वेळ दारातच सांगितलेली असल्याने उठणे सोपे जाते. लोकलला वेळ असला तरी सांगितलेल्या सुमारास उठावे, कारण त्यावरून घरातल्यांनी स्वयंपाकाचा हिशेब केलेला असतो. जेवूनच जा असा आग्रह झाला आणि थांबायचे नसेल तर कारण एकच आणि खरे सांगावे: गाडी आहे, घरी वाट बघतात. जे ज्या खोलीत असतील त्यांना तिथे जाऊन "येतो काका, येतो काकू" म्हणावे. काका त्या वेळी नाईटच्या आधीची झोप घेत असतील तर दाराबाहेरूनच परतावे आणि मित्राच्या आईला सांगावे, "काकांना उठवू नका, माझा नमस्कार सांगा." घरी पोचल्यावर मित्राला एक संदेश टाकावा, लोकलने गेलेल्या पोराच्या निरोपाची वाट त्या घरचे लोकही बघत असतात.

तुझा मामा