‘हेल्पर पाहिजे, वेळ रात्री २ ते सकाळी १०’

प्रश्न : आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीच्या शटरवर एक कागद लावलाय : ‘हेल्पर पाहिजे. वेळ रात्री २ ते सकाळी १०. आठवड्याला एक सुट्टी. पगार १४,०००. काम शिकवले जाईल, अनुभवाची गरज नाही. आधार कार्ड घेऊन प्रत्यक्ष भेटावे.’ माझा धाकटा भाऊ बारावी झालाय आणि त्याला जायचंय. एवढ्या रात्री तिथं काम तरी काय असतं? ‘शिकवले जाईल’ म्हणजे नेमकं काय? आणि भेटायला जाताना त्यानं काय विचारावं?
— एक वाचक ताई, सातारा

उत्तर : ताई, दोन वाजताची वेळ मालकानं ठरवलेली नाही, ती पावानं ठरवली आहे. वडापावच्या गाडीवर सहाच्या आत ताजी लादी पोचायची असेल, तर ती पाचच्या सुमाराला भट्टीतून निघायला हवी. भाजायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्याआधी ट्रेमध्ये लावलेले गोळे फुगायला साधारण तासभर, त्याआधी गोळे तोडून वळायला अर्धा तास, त्याआधी मळलेल्या पिठाला थोडी विश्रांती आणि त्याआधी मळणी. असं मागं मोजत गेलं की दोन-सव्वादोन येतात. यीस्टला घाई चालत नाही, म्हणून माणसाला लवकर उठावं लागतं.

या साखळीत हेल्परच्या वाट्याला आधी साधी कामं येतात : मैद्याची पोती उतरवणं, ट्रेला तेल लावणं, मिक्सर आणि ओटा धुणं. पहिले आठवडे असेच जाणार आणि त्यात गैर काही नाही. खरं शिक्षण सुरू होतं ते तराजूपाशी. एक घाणा मांडून बघू. १० किलो मैदा, ६ लिटर पाणी, १८० ग्रॅम मीठ, ४०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम ओलं यीस्ट आणि ३०० ग्रॅम तेल घेतलं, तर पिठाचा गोळा सुमारे १७ किलोंचा होतो. ४५ ग्रॅमचा एक याप्रमाणे त्यातून जवळपास ३८० पाव निघतात. नवख्या हातानं तोच गोळा ५० ग्रॅमचा तोडला, तर पाव होतात ३४० च्या आसपास. म्हणजे एका घाण्यात ४० पाव, सहाची लादी धरली तर सहाहून जास्त लाद्या गेल्या. शिवाय लहानमोठे गोळे एका ट्रेमध्ये लावले की लहान करपतात आणि मोठे मधे कच्चे राहतात. म्हणून चांगला कारागीर नव्या मुलाला आधी प्रत्येक गोळा वजन करून तोडायला लावतो. हात बसला की तराजू आपोआप मागं पडतो.

दुसरी शिकण्याची गोष्ट म्हणजे पाण्याचं तापमान. मळून झालेलं पीठ साधारण २७ अंशांवर असावं, अशी बेकरीतली धारणा आहे. त्याचा हिशेब सोपा आहे : २७ गुणिले ३ म्हणजे ८१. त्यातून मैद्याचे अंश, खोलीचे अंश आणि मिक्सरच्या घर्षणानं वाढणारे अंश वजा करायचे. मे महिन्यात मैदा ३०, खोली ३१ आणि घर्षणाचे १० धरले, तर उरतात १०. म्हणजे पाणी १० अंशांचं हवं, आणि त्यासाठी पाण्यातला काही भाग बर्फानं भरायचा. हे केलं नाही तर पीठ मळतानाच गरम होतं, यीस्ट भरधाव सुटतं आणि गोळे वेळेआधीच फुगतात. फुगलेला गोळा तयार आहे की नाही हे बोटानं कळतं. हलकं दाबल्यावर खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, हळूहळू अर्धवट भरला तर भट्टीत घालायची वेळ झाली आहे, अजिबात भरला नाही किंवा गोळा बसला तर उशीर झालाय. हे पुस्तकातून येत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून ‘हे बघ, हा दाब’ असं म्हणावं लागतं.

म्हणूनच ‘शिकवले जाईल’ या दोन शब्दांची परीक्षा भावानं घ्यावी. त्यानं थेट विचारावं : पहिल्या महिन्यानंतर मला वजन, गोळे आणि फुगवणं यातलं काय करायला मिळेल? भट्टीपाशी कधी जाता येईल? मालकानं किंवा कारागिरानं क्रम सांगितला, तर तिथं शिकवतात असं समजावं. ‘बघू, तू काम तर कर’ एवढंच उत्तर आलं आणि तीन महिन्यांनंतरही फक्त ट्रे धुणं चालू राहिलं, तर माझ्या मते तिथं राहू नये. औपचारिक शिक्षण हवं असेल तर काही आयटीआयमध्ये बेकर अँड कन्फेक्शनरचा एक वर्षाचा कोर्स असतो. बेकरीत काम करून मग तिकडं जाणं मला जास्त पटतं, कारण तोवर हाताला प्रश्न पडलेले असतात.

पगाराबद्दल एकच हिशेब करून ठेवा. आठ तास, २६ दिवस म्हणजे महिन्याला २०८ तास. १४,००० भागिले २०८ म्हणजे तासाला सुमारे ६७ रुपये. कायद्यात कामाची मर्यादा आठवड्याला ४८ तासांची आहे आणि त्यापुढच्या तासांना दुप्पट दर द्यायचा असतो. कागदावर १० लिहिलंय, पण धुणं-पुसणं रोज १२ पर्यंत लांबलं, तर महिन्याला ५२ जादा तास झाले. दुप्पट दरानं त्याचे ७,००० रुपये होतात. मिळाले नाहीत तर दर महिन्याला अर्धा पगार सुटतो. म्हणून ‘काम दहाला संपतं की साफसफाई धरून?’ हा प्रश्न आधी विचारावा. १४,००० ही रक्कम पुरेशी आहे का, हे राज्य सरकारच्या किमान वेतनाशी ताडून बघा. त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, त्यामुळे ताजा आकडा सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून घ्यावा. दहा किंवा जास्त कामगार असतील तर ईएसआयबद्दलही विचारावं. भाजल्याचा चटका इथं नवलाचा नाही.

चटक्यापेक्षा मला काळजी वाटते ती मैद्याच्या धुळीची. वर्षानुवर्षं ती नाकात गेली की काहींना दमा होतो. तो आधी शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं यातून डोकावतो. ओळखायची खूण अशी, की सुट्टीच्या दिवशी त्रास कमी होतो आणि कामावर गेल्यावर पुन्हा सुरू होतो. असं झालं तर डॉक्टरांना ‘मी बेकरीत काम करतो’ हे आवर्जून सांगावं. पोतं उंचावरून न ओतता भांड्याजवळ नेऊन रिकामं करावं, झाडण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसावं. घरात दम्याचा त्रास असेल तर आधीच विचार करावा. आणि मिक्सर चालू असताना जाळी उघडून हात घालायचा नाही, कितीही घाई असली तरी.

भेटायला सकाळी सहा ते आठ ही वेळ टाळावी, तेव्हा सगळे गिऱ्हाइकांत गुंतलेले असतात. दहा-अकराच्या सुमाराला जावं. आधारची छायाप्रत द्यावी, मूळ कागद कुणाकडं ठेवू नयेत. कामाला लावायचे पैसे किंवा ठेव मागितली तर परत यावं. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी होणं अन्नसुरक्षा नियमांनी बंधनकारक आहे, तेव्हा ती तपासणी कोण करून देणार हेही विचारावं. शक्य असेल तर एक रात्र काम बघायला उभं राहू द्या म्हणून विनंती करावी. रात्री दोनला घरून जायचं कसं, हे मात्र आधीच ठरवून ठेवा. त्या वेळी बस नसते.