पन्नास माणसांना किती किलो? जिवंत वजन, सोललेलं वजन आणि ताटातलं वजन



आपल्या संघातले बरेच गट आता जेवणाच्या ऑर्डरी घेतात. साखरपुडा, जावळ, हळद, कुणाच्या शेतातली पार्टी. भाजी-भाकरीचा हिशोब आपल्याला तोंडपाठ असतो, पण कोंबडी, मटण आणि मासे आले की चूक होते. ती चूक आमच्या गटाने स्वतः केली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आम्हाला ६० माणसांच्या जेवणाची ऑर्डर आली. चिकन रस्सा, सुकं, भाकरी आणि भात. एका माणसाला २०० ग्रॅम चिकन लागतं हे आम्हाला माहीत होतं. लहान मुलं आणि माळकरी वजा करून १० किलो चिकन लागेल असा हिशोब निघाला. हिशोब बरोबर होता. पण आम्ही शेडवरून १० किलोच्या कोंबड्या आणल्या. जिवंत! पिसं काढून, सोलून, आतडी काढून तोललं, तर हातात साडेसहा किलो. दुपारी बारा वाजता एकीला रिक्षाने तालुक्याला पाठवलं. साडेतीन किलो चिकन २२० रुपये दराने ७७० रुपयांचं आणि रिक्षाचे २५० रुपये. दीड हजार रुपये नफा धरला होता, हातात राहिले ४८०. सहा जणींनी दिवसभर राबून प्रत्येकीला ८० रुपये मिळाले.

चूक एवढीच की ‘किलो’ म्हणजे कुठला किलो हे आम्ही विचारलं नाही.

तीन वजनं वेगळी ठेवा

पहिलं जिवंत किंवा अख्खं वजन, म्हणजे व्यापाऱ्याच्या काट्यावरचं. दुसरं साफ केलेलं वजन, म्हणजे हाडांसकट पातेल्यात पडणारं. तिसरं ताटातलं वजन, म्हणजे शिजल्यावर हाडं बाजूला काढून माणसाच्या पोटात जाणारं. ऑर्डरचा हिशोब नेहमी दुसऱ्या वजनावर करायचा आणि खरेदी करताना तो पहिल्यात बदलून घ्यायचा.

कोंबडी

बॉयलर कोंबडी सोलून साफ केली की जिवंत वजनाच्या साधारण ६५ टक्के उरते. २ किलोची कोंबडी घेतली तर पातेल्यात १ किलो ३०० ग्रॅम. बाकीचं रक्त, पिसं, डोकं, पंजे, कातडी आणि आतडी यात जातं.

या १३०० ग्रॅममधला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भाग हाडांचा. मांस राहिलं साडेआठशे ग्रॅम. शिजताना मांसातलं पाणी रश्श्यात उतरतं आणि मांस चौथाईने हलकं होतं. म्हणजे २ किलोच्या कोंबडीतून खायला मिळतं ते सव्वासहाशे ते साडेसहाशे ग्रॅम, जिवंत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. पाणी रश्श्यात जातं म्हणून चव वाया जात नाही, पण फोड लहान होते हे खरं.

गावरान कोंबडीचं गणित आणखी कडक आहे. ती अंगाने सडपातळ असते, छातीवर मांस कमी असतं. दीड किलोची गावरान कोंबडी साफ करून ९०० ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्यातही हाडांचा वाटा मोठा. म्हणून बॉयलरला माणशी २०० ग्रॅम धरत असाल, तर गावरानला २५० धरा आणि रस्सा मोकळ्या हाताने करा. लोक गावरान रश्श्यासाठीच येतात.

आता जिवंत घ्यावी की सोललेली? यासाठी सोपा आडाखा आहे. जिवंत दराची दीडपट करा आणि त्यात थोडे मिळवा. सोललेल्या चिकनचा दर त्याच्या आसपास किंवा खाली असेल तर सोललेलंच घ्या. समजा जिवंत कोंबडी १३० रुपये किलो आहे. १३० ला ०.६५ ने भागलं की २०० येतात. म्हणजे सोललेलं २०० ला मिळत असेल तर दोन्ही सारखंच पडतं.

आमच्या ऑर्डरचंच घ्या. १० किलो सोललेलं २२० ने २,२०० रुपये. तेवढ्यासाठी जिवंत साडेपंधरा किलो लागली असती, १३० ने २,०१५ रुपये. वाचले १८५. पण दोन-दोन किलोच्या आठ कोंबड्या कापून द्यायला माणसाने कोंबडीमागे २० रुपये घेतले तर १६० रुपये गेले. उरले २५ रुपये, वर पिसं आणि आतड्यांची विल्हेवाट आपल्या अंगणात. फरक एवढाच असेल तर सोललेलं आणा.

मटण

बोकडाच्या जिवंत वजनातून हाडांसकट मटण साधारण ४५ ते ५० टक्के मिळतं. २२ किलोचा बोकड असेल तर १० किलो, फार तर ११ किलो. मुंडी, पाय, वजडी, कलेजी हे वेगळं मिळतं. ते खाण्याचंच आहे, पण ते माणशी हिशोबात धरू नका. पाया-मुंडीचं वेगळं काही केलं तर ते वरचं समजा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बोकडाला पोटभर चारून, पाणी पाजून काट्यावर उभं केलं, तर दोन-अडीच किलो नुसतं पोटातलं वजन असू शकतं. त्याचे पैसे आपण मटणाच्या आशेने देतो. म्हणून वजन सकाळी, चारा घालण्याआधी करून घ्या. पोट दोन्ही बाजूंना तट्ट फुगलेलं दिसलं तर ४५ टक्केच धरा.

बहुतेक वेळा आपण खाटकाकडून कापलेलंच घेतो. हाडांसकटच्या एका किलोत सव्वासातशे ग्रॅमच्या आसपास मांस आणि चरबी, बाकी हाडं. मटण शिजताना कोंबडीपेक्षा जास्त आटतं, तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ. म्हणजे किलोमागे ताटात ५०० ग्रॅम मांस. माणशी २०० ग्रॅम मटण घेतलं की खायला १०० ग्रॅम येतं.

पण हे कुठल्या भागाचं मटण आहे यावर ठरतं. मांडी आणि खांद्यात मांस भरपूर असतं. मान, बरगडी आणि खालच्या नळ्यांत हाडं जास्त. नुसत्या माना-बरगड्या आल्या तर दहा किलोचं मटण आठ किलोसारखं वाढावं लागतं. म्हणून मोठी ऑर्डर देताना ‘मांडी-खांदा जास्त, सगळं मिळून द्या’ असं आदल्या दिवशीच सांगा आणि कापताना कुणीतरी समोर उभी राहा. नळीचे चार तुकडे हौशी पाहुण्यांसाठी हवेतच, पण ते मोजकेच.

मासे

मासळीवाली मासा अख्खा तोलते आणि मग साफ करून देते. त्यामुळे पैसे खवल्यांचे, कल्ल्यांचे आणि आतड्यांचेही जातात. त्यात ती फसवत नाही, रीतच तशी आहे. हिशोब आपणच करायचा.

आपल्या धरणांतला रोहू घ्या. खवले, कल्ले, पर आणि पोट साफ केल्यावर एका किलोतले ८०० ग्रॅमच्या आसपास उरतात. डोकं बाजूला काढलं की तुकड्यांचे साधारण ६२५ ग्रॅम. कटल्याचं डोकं मोठं असतं, म्हणून त्यात तुकडे आणखी कमी निघतात. डोकं टाकायचं नाही, कालवणाला त्याचीच चव लागते, पण ते पाहुण्याच्या ताटात तुकडा म्हणून वाढता येत नाही.

७५ ते ८० ग्रॅमचा एक तुकडा धरला तर किलोच्या रोहूत आठ तुकडे. एक तळलेला आणि एक कालवणातला, असे माणशी दोन वाढले तर एका किलोत चार माणसं. म्हणजे अख्खा मासा माणशी २५० ग्रॅम. पोट फार फुगलेलं दिसलं तर आत गाभोळी असते. ती चविष्ट लागते, पण तेवढे तुकडे कमी होतात.

बांगड्यासारखा लहान मासा मात्र किलोवर नको, नगावर मोजा. माणशी एक बांगडा, आणि पाहुणे मासे आवडीने खाणारे असतील तर दर चार माणसांमागे एक जास्त.

माणसं मोजायची रीत

६० पानांची ऑर्डर म्हणजे ६० वाटे नव्हेत. आमच्या ऑर्डरीत मोठी माणसं ४५, मुलं ९ आणि माळकरी ६ होती. मुलांचा अर्धा वाटा धरला तर साडेचार, ४५ मध्ये मिळवून साडेएकोणपन्नास, म्हणजे ५० वाटे. माळकऱ्यांची पिठलं-भाजी वेगळी, त्यांची भांडी आणि पळ्याही वेगळ्या. तेव्हा लागतं ते असं:

• बॉयलर चिकन: माणशी २०० ग्रॅम, सोललेलं १० किलो (जिवंत साडेपंधरा किलो)
• मटण: माणशी २०० ग्रॅम, हाडांसकट १० किलो
• रोहू: माणशी २५० ग्रॅम, अख्खा साडेबारा किलो

हे एकच मांसाहारी पदार्थाचं माप आहे, मग त्याचं सुकं आणि रस्सा दोन्ही करा. चिकन आणि मटण दोन्ही असेल तर दोन्ही पूर्ण घेऊ नका. प्रत्येकी माणशी १२५ ते १५० ग्रॅम पुरतं, कारण पोट तेवढंच असतं. यजमानांना एक प्रश्न नक्की विचारा, ‘येणारे शेतात राबणारे तरणे जास्त की बायका-मुलं-म्हातारी?’ तरणी पोरं जास्त असतील तर दहा टक्के वाढवा.

आणलेला माल घरी आल्याबरोबर आपल्या काट्यावर तोला. धुतलेलं किंवा बर्फातलं चिकन पिशवीत पाणी धरतं. चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या आणि मग परत तोला. दहा किलोत अर्धा किलो कमी भरलं तर ते पाणी होतं, आणि पुढच्या वेळी दुकानदाराला निथळूनच तोलायला सांगायचं.

बैठकीसाठी काम

पुढच्या बैठकीआधी गटातल्या एकीने घरी एक किलो मटण किंवा चिकन आणलं की तीन आकडे लिहून ठेवा. आणलेलं वजन, निथळून भरलेलं वजन, आणि जेवण झाल्यावर ताटातून गोळा केलेल्या हाडांचं वजन. तीन-चार घरांचे आकडे एका वहीत आले की तुमच्या गावच्या दुकानातल्या किलोत खायला किती मिळतं ते तुम्हाला कळेल. वर दिलेल्या आकड्यांपेक्षा ते थोडे वेगळे आले तर आपल्या वहीतलेच खरे माना आणि ऑर्डरीचा दर त्यावरच ठरवा.