बोर्डातल्या मुंग्या : आधी करंट, मग औषध

पवनीत आषाढाच्या सरी लागल्या की जमिनीतल्या मुंग्या वर चढतात. बिळांत पाणी शिरतं आणि अंडी-पिल्लं तोंडात धरून अख्खी वसाहत कोरडी जागा शोधत निघते. जुन्या पवनीतली बरीच घरं मातीच्या जुडाईची. विटांमधली माती पोखरायला सोपी, आणि त्याच भिंतीत नंतर वायरिंगसाठी खाचे पाडून प्लास्टिकचे पाइप बसवलेले. मुंग्यांना आणखी काय हवं? पाइप म्हणजे छतापासून प्रत्येक खोलीपर्यंत जाणारा कोरडा, अंधारा रस्ता. त्याच्या टोकाला बोर्डाची पेटी. तिथे पाल पोचत नाही, झाडू पोचत नाही, आणि रेग्युलेटर किंवा चार्जरमुळे थोडी ऊबही असते. पिल्लं उबेत लवकर वाढतात, म्हणून पावसाळी गारठ्यात मुंग्या त्यांना उबेकडेच हलवतात.

आमच्या बैठकीतल्या बोर्डाची पहिली खूण होती खाली फरशीवर पडणारी बारीक माती. पुसली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग पंख्याचं बटण दाबलं की चिर्र आवाज यायचा आणि पंखा दचकल्यासारखा थांबून सुरू व्हायचा. रात्री टॉर्च धरला तर बोर्डाच्या कडेने पिवळसर तपकिरी, मागून काळपट अशा मुंग्यांची रांग चाललेली. मातीच्या नळ्या कुठेच नव्हत्या. त्या असत्या तर ती उधई, आणि तिचा इलाज अगदी वेगळा.

आमच्या दिरांनी कीटकनाशकाचा फवारा आणला आणि नळी बोर्डाच्या फटीत घातली. तेवढ्यात आमचे वायरमन आले. ते दारातूनच म्हणाले, "थांबा जी भाऊ, तो फवारा ठेवा खाली." अशा बहुतेक डब्यांत औषध बाहेर ढकलणारा वायू पेट घेणारा असतो आणि औषध रॉकेलसारख्या द्रावकात मिसळलेलं असतं. बटणात ठिणगी उडत असताना तो बंद पेटीत मारणं म्हणजे आगीला बोलावणं. पाणी, फिनाइल, हळदीचं पाणी हेही नकोच. ओल राहिली की करंटला नवी वाट मिळते.

त्यांनी मेन स्विच पाडला, बोर्डाची पाटी उघडली आणि हात लावण्याआधी टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला. "मेन बंद हाय, पण करंट येऊन रायला," ते म्हणाले. कारण होतं इन्व्हर्टर. बैठकीचा पंखा आणि एक दिवा इन्व्हर्टरवर होता. मेन पाडल्याबरोबर त्याला वाटलं लाइट गेली, आणि त्याने बॅटरीतून तेवढेच दोनशे तीस व्होल्ट त्या तारांत सोडले. इन्व्हर्टर बंद करून, त्याची बाहेर जाणारी जोडणी काढून, पुन्हा प्रत्येक टोकाला टेस्टर लावल्यावरच त्यांनी पेचकस उचलला. टेस्टर चालतो ना, हेही त्यांनी आधी शेजारच्या घरातल्या चालू सॉकेटवर पाहिलं होतं. सोलर असेल तर तेही याच यादीत धरा.

आत बटणाच्या तांब्याच्या टोकांमध्ये मेलेल्या मुंग्यांचा काळा गोळा होता. एवढ्या का मरतात, याचा अभ्यास अमेरिकेत तिथल्या आगमुंग्यांवर झाला आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की शॉक बसलेली मुंगी धोक्याचा इशारा देणारी आणि इतरांना ओढून आणणारी रसायनं सोडते. मदतीला आलेलीलाही शॉक बसतो, तीही तेच करते, आणि ढीग वाढत जातो. सगळ्याच जाती असं वागतात असं त्यावरून म्हणता येत नाही. पण आमच्या बटणातला गोळा पाहून ते पटण्यासारखं होतं. ढिगामुळे टोकं नीट जुळत नाहीत, ठिणगी उडते, तांबं खरवडतं, बटण तापतं.

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या भाच्याने भिंगातून पाहून सांगितलं, की ही जात बहुधा ट्रायकोमायर्मेक्स डिस्ट्रक्टर. जेर्डन नावाच्या शास्त्रज्ञाने तिचं वर्णन भारतातूनच १८५१ मध्ये केलं. ती तारेवरचं प्लास्टिकही कुरतडते. शिवाय तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. म्हणून दिसणाऱ्या मुंग्या मारून काही साधत नाही. औषध राण्यांपर्यंत गेलं पाहिजे, आणि ते नेऊन पोचवायचं काम मुंग्यांकडूनच करून घ्यायचं.

त्यासाठी बोरिक अॅसिडचं गोड पाणी. उकळून कोमट केलेलं शंभर मिलिलिटर पाणी, त्यात दहा ग्रॅम साखर, म्हणजे सपाट अडीच चहाचे चमचे, आणि एक ग्रॅम बोरिक पावडर, म्हणजे सपाट पाव चमचा. जास्त घातली तर लवकर गुण येईल असं वाटतं, पण उलट होतं. मुंगी चव ओळखून टाळते किंवा घरी पोचण्याआधीच मरते. कॅरमची पावडर वापरायची असेल तर डब्यावर बोरिक अॅसिड लिहिलंय का ते वाचा. सगळ्याच पावडरींत ते नसतं.

या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा झाकणाच्या डबीत ठेवा, डबीला बारीक भोकं पाडा, वर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहा. गोड असल्यामुळे लहान मुलं आणि पाळीव जनावरं यांना धोका आहे. त्यामुळे डबी त्यांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशा जागी, कपाटामागे वगैरे, रांगेच्या वाटेवर ठेवा. बोर्डात किंवा बोर्डाच्या वर कधीच नाही. चमचा परत स्वयंपाकघरात नेऊ नका. दोन-तीन दिवसांनी बोळा बदला, नाहीतर पाणी आंबतं. मुंग्या गोडाकडे फिरकल्या नाहीत तर शेजारी दाण्याचा कूट ठेवून पाहा. कुटाकडे गेल्या तर त्यांना तेलकट आमिष हवं आहे.

सुरुवातीला डबीवर गर्दी वाढते. तेव्हा रांग पुसू नका, फवारा मारू नका. तसं केलं तर वाहतूक थांबते, आणि अनेक राण्यांची वसाहत फुटून दुसऱ्या भिंतीत जाऊ शकते. साधारण दोन-तीन आठवड्यांत रांग विरळ होऊन थांबते. तोवर वायरमननी त्या बोर्डाची लाइन बंदच ठेवली होती. बोर्ड तापत असेल, जळकट वास येत असेल, ठिणगी दिसत असेल तर आमिषाच्या भरवशावर तो चालू ठेवायचा नाही.

रांग थांबल्यावर शेवटचं काम. पुन्हा मेन आणि इन्व्हर्टर बंद, पुन्हा टेस्टर, मग कोरड्या ब्रशने सफाई. खरवडलेलं बटण घासून वापरू नका, बदला. प्लास्टिक कुरतडलेली तार असेल तर तीही. त्यानंतर पाइपची तोंडं, म्हणजे गच्चीवरचं, मीटरकडचं आणि बोर्डातलं, सिलिकॉनने बुजवा. सिमेंट भरलं तर पुढे तार ओढता येत नाही. ही तोंडं आमिषाआधी बुजवली तर मुंग्या आतच कोंडतात आणि दुसऱ्या खोलीच्या बोर्डातून बाहेर पडतात.

हेच शेतावरच्या मोटारीच्या स्टार्टरलाही लागू आहे. तिथे मुंग्यांमुळे एखादा फेज जुळला नाही तर मोटार नुसती गुणगुणते, आणि तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग जळतं. गुणगुण ऐकू आली की पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. मेन पाडा, वायरमनला बोलवा, आणि घरातल्यासारखंच तिथेही टेस्टर लावल्याशिवाय पेटीच्या आत हात घालू देऊ नका.