विषयपत्रिकेतील क्रियापदे : गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेची सूचना

व्यावहारिक मराठीच्या तासाला मी विद्यार्थ्यांपुढे सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना ठेवतो. गोव्यात अशा सूचना बहुधा इंग्रजीत निघतात, म्हणून नमुना महाराष्ट्रातला घ्यावा लागतो. 'सूचनेत महत्त्वाचे काय?' असे विचारले की तारीख, वेळ, स्थळ अशी उत्तरे येतात. मला मात्र प्रत्येक विषयाच्या शेवटी येणारे क्रियापद महत्त्वाचे वाटते. सभासदाने त्या विषयावर नेमके काय करायचे आहे, हे त्या एका शब्दावरून ठरते.

पहिला विषय ठरलेला असतो : 'मागील वार्षिक सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' कायम करणे म्हणजे मागच्या सभेत जे झाले ते बरोबर नोंदले आहे, एवढेच मान्य करणे. तो निर्णय आवडला की नाही, हा प्रश्न इथे नसतो. पुष्कळ सभांचा पहिला अर्धा तास याच गैरसमजात जातो. पुढे हिशेब येतात. उत्पन्न-खर्च पत्रक व ताळेबंद यांना 'मंजुरी देणे' ठीक आहे, कारण ते समितीने मांडलेले असतात. लेखापरीक्षकाच्या अहवालाला मात्र सभा मंजुरी देत नाही. तो 'विचारात घेणे' आणि त्यातील आक्षेपांवर समितीने केलेला दोषदुरुस्ती अहवाल पाहणे, एवढेच तिच्या हाती असते. 'लेखापरीक्षण अहवाल मंजूर करणे' असे छापले की आक्षेपही मंजुरीत वाहून जातात आणि पुढच्या वर्षी ते तसेच परत येतात.

मतदानाचे विषय सर्वांत जपून लिहावे लागतात. चोवीस सदनिकांच्या एका संस्थेच्या सूचनेत सातवा विषय असा होता : 'इमारतीच्या दुरुस्तीबाबत चर्चा करणे.' सभेला अकरा जण आले. आदर्श उपविधींनुसार गणपूर्तीला एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा वीस, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते, इथे सोळा. अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब झाली आणि त्याच सायंकाळी पुन्हा भरली. तहकूब सभा त्याच दिवशी घ्यायची तर ती वेळ मूळ सूचनेत दिलेली असावी लागते. ती दिलेली होती. अशा सभेला गणपूर्तीचे बंधन नसते, पण ती मूळ विषयपत्रिकेवरचेच काम करू शकते. त्या अकरा जणांनी बहुमताने प्रत्येक सदनिकेकडून दहा हजार रुपये घेण्याचे ठरवले. न आलेल्यांचे म्हणणे साधे होते : चर्चा होणार म्हणून आम्ही आलो नाही, पैसे ठरणार हे कळले असते तर आलो असतो. भाषेच्या बाजूने पाहता ते मला बरोबर वाटते. 'चर्चा करणे' या शब्दांत वर्गणी मावत नाही.

तोच विषय मी विद्यार्थ्यांकडून पुन्हा लिहून घेतो. आधी आकडे : अंदाजित खर्च ३,६०,००० रुपये, दुरुस्ती निधीत शिल्लक १,२०,०००, म्हणजे तूट २,४०,०००, चोवीस सदनिकांत दहा हजार. दोन-चार प्रयत्नांनंतर वाक्य असे उतरते : 'गच्चीची टाकी व जिना यांच्या दुरुस्तीसाठी सुमारे ३,६०,००० रुपये खर्चास मंजुरी देणे आणि दुरुस्ती निधीतील १,२०,००० रुपये वजा जाता उरलेली रक्कम प्रत्येक सदनिकेकडून १०,००० रुपयांप्रमाणे घेण्याबाबत मतदानाने निर्णय घेणे.' वाक्य लांब आहे, कानाला गोडही नाही. पण ते वाचून घरी बसायचे की सभेला जायचे, हे सभासद ठरवू शकतो.

शेवटच्या ओळीतले 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' हे मराठी सभेचे मोठे चोरदार. तिथे अभिनंदनाचा ठराव यावा, पार्किंगची तक्रार यावी. वर्गणी येऊ नये. उपविधी बदलायचा असेल तर तो तिथे येऊच शकत नाही. त्याचा मसुदा सूचनेसोबत द्यावा लागतो आणि उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांचा पाठिंबा लागतो. म्हणून इतिवृत्तात नुसते 'ठराव संमत' न लिहिता बाजूची व विरोधी मते आकड्यांत लिहावीत. 'सर्वानुमते' हा शब्द तर एकही विरोधी मत नसेल तेव्हाच वापरावा; आपल्याकडे तो सवयीने पडतो.

राहिली तारीख. सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यायची, म्हणजे सूचनेचा व सभेचा दिवस मोजायचा नाही. २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी सभा घ्यायची तर ७ तारखेपर्यंत सूचना सभासदांच्या हाती पडायला हवी होती, आणि त्या वर्षी ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. आर्थिक वर्षानंतरची सभेची मुदत ३० सप्टेंबरला संपते, त्यामुळे ही धावपळ बहुतेक सचिवांच्या वाट्याला येते. घाईत मागच्या वर्षीची सूचना काढून तारखा बदलल्या जातात आणि 'चर्चा करणे' जिथल्या तिथे राहते.