फोटोतले हात

लग्नाचे किंवा विहारातल्या कार्यक्रमाचे फोटो मोबाईलवर आले की बाया आधी चेहरा बघतात आणि मग नजर हातांवर अडकते. चेहऱ्याला पावडर लागलेली असते, हातांना नाही. "हे माझेच हात का?" असं आम्हाला वस्तीत किती तरी जणींनी विचारलं आहे. म्हणून या वेळी एका ताईचे हात समोर ठेवून बोलू. नाव देत नाही. वय चोपन्न, पंचवीस वर्षं चार घरची धुणीभांडी.

ताईंनी मुलाच्या लग्नातले दोन फोटो दाखवले. एकात त्या हात खाली सोडून उभ्या होत्या आणि मनगटापासून बोटांपर्यंत शिरा दोरीसारख्या फुगलेल्या दिसत होत्या. दुसऱ्यात त्या हात जोडून वंदन करत होत्या, तिथे शिरा जवळजवळ दिसतच नव्हत्या. एकाच दिवशीचे, एकाच बाईचे हात! हात खाली लोंबला की रक्त शिरांत साठतं, हृदयाच्या उंचीला आला की उतरतं. तुम्हीही करून पाहा: हात डोक्यावर अर्धा मिनिट धरा, शिरा बसतील, खाली सोडा, परत भरतील. उन्हात, कष्टाच्या कामानंतर त्या आणखी फुगतात. त्यात मोबाईल जवळ धरला तर पुढे आलेला हात आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. तेव्हा शिरा दिसणं हा आजार नाही. वयाबरोबर हाताच्या पाठीवरची चरबी विरते, कातडी पातळ होते, म्हणून खालची शीर वर आल्यासारखी वाटते. कोणतंही तेल किंवा क्रीम ती आत ढकलू शकत नाही. तसं सांगून विकणाऱ्याला पैसे देऊ नका.

मात्र शीर अचानक कडक, लाल, दुखरी झाली, विशेषतः सलाईन लावलेल्या जागी, किंवा एकच हात सुजला तर दवाखान्यात जायचं. हात वर धरल्यावर मऊ शीर रिकामी होते, कडक झालेली होत नाही. एवढा फरक घरीही कळतो.

डागांची गोष्ट वेगळी. ताईंच्या हाताच्या पाठीवर मसुराएवढे, सपाट, तपकिरी डाग होते, तळहातावर एकही नाही. ब्लाउजच्या बाहीखालची कातडी मात्र एकसारखी, तजेलदार. यावरूनच कारण कळतं: ऊन. ऊन म्हणजे फक्त शेतातलं नव्हे. बसस्टॉपवरचं, पाण्याच्या रांगेतलं, गच्चीवर कपडे वाळत घालतानाचं, सगळं धरून. वर्षानुवर्षांचं ऊन कातडीत साठतं आणि पन्नाशीच्या आसपास डाग होऊन वर येतं.

ताई मात्र डागांसाठी मेडिकलमधून एक क्रीम आणून सहा महिने दोन्ही हातांना चोळत होत्या. सुरुवातीला रंग उजळला, मग कातडी कागदासारखी झाली, बांगडी घासली तरी जांभळा चट्टा उठू लागला. ट्यूब मागवून पाहिली तर तिच्यात मोमेटासोन होतं. हे स्टिरॉइड आहे. बेटामेथासोन, क्लोबेटासोल ही त्याचीच भावंडं. खाज, इसब यांवर डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलेलं हे चांगलं औषध आहे. पण रंग उजळण्यासाठी महिनोन्‌महिने चोळलं की ते कातडी पातळ करतं. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून यादीत घातली, तरी दुकानात ती मिळतातच. म्हणून डब्यावर ही नावं वाचा. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. पातळ झालेली कातडी मलम थांबल्यावर काही महिन्यांत बरीच सावरते, सगळी नाही. चेहऱ्यावर बराच काळ लावलं असेल तर अचानक बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून बंद करा. लिंबू आणि खायचा सोडाही हाताला चोळू नका. लिंबू लावून उन्हात गेलं तर उलट काळे चट्टे उठतात.

मग काय करायचं? ताईंनी तीन गोष्टी केल्या. पहिली, ऊन अडवलं. सनस्क्रीन चांगलं, पण भांडी घासणाऱ्या हातावर ते दहा मिनिटंही टिकत नाही आणि महागही पडतं. त्यांनी मुलाच्या जुन्या पायमोज्यांचा पुढचा भाग कापला, अंगठ्यासाठी भोक पाडलं आणि बाहेर निघताना ते हातात घालायला लागल्या. चुलीजवळ मात्र काढून ठेवायचे.

दुसरी, पाणी आणि पावडर. धुण्याची कोरडी पावडर हाताने उचलायची नाही. मगात विरघळवून मग कपड्यांवर टाकायची. पावडर कातडीवरचं तेल ओढून नेते, मग भेगा पडतात. रबरी हातमोजे वापरायचे तर आत सुती मोजा घालावा, नाहीतर घामाने हात भिजून अजून बिघडतात. भोक पडलेला मोजा लगेच टाकून द्या, आत साबणाचं पाणी साचून राहतं आणि ते उघड्या हातापेक्षा वाईट.

तिसरी, काम संपलं की हात टिपून, ओलसर असतानाच व्हॅसलीन. हरभऱ्याएवढं दोन्ही हातांना पुरतं. कोरड्या हाताला लावण्यात अर्थ नाही, कारण ते ओल आत धरून ठेवतं, स्वतः ओल देत नाही. खोबरेल तेलही चालतं. रात्री जरा जास्त लावून झोपायचं. ताईंच्या भेगा तीन आठवड्यांत भरल्या. डाग सहा महिन्यांत किंचित फिके झाले, गेले नाहीत. नवे मात्र फारसे आले नाहीत. शिरा आहेत तशाच आहेत.

पातळ कातडीबद्दल दवाखान्यातली एक गोष्ट सांगतो. अशा हाताला खरचटलं आणि कातडीची पापडी उचलली गेली तर ती कापून टाकू नका. स्वच्छ पाण्याने धुऊन ती पापडी ओल्या बोटाने हळूच जागेवर बसवा आणि वर व्हॅसलीन लावलेलं स्वच्छ कापड सैल बांधा. चिकटपट्टी थेट कातडीवर लावू नका, काढताना उरलेली कातडी तिच्याबरोबर येते. लावलेलीच असेल तर पाण्याने भिजवून सोडवा. जखम मोठी असेल, रक्त थांबत नसेल किंवा चिखल-पत्रा लागला असेल तर दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

वयाचा डाग सपाट असतो, दुखत नाही आणि महिन्या-दोन महिन्यांत आकार बदलत नाही. डाग वाढतोय, उंच होतोय, त्यातून रक्त येतंय, किंवा काळा डाग तळहातावर वा नखाखाली आला, तर डॉक्टरांना दाखवायचंच. सगळ्या बोटांचे सांधे काळवंडले आणि हातापायांत मुंग्याही येत असतील तर बी-१२ कमी असू शकतं, रक्त तपासा. फिकट किंवा तांबूस चट्ट्यावर कापसाचा बोळा फिरवला आणि स्पर्श कळला नाही, तर तो वयाचा डाग नव्हे. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि लवकर सुरू केलं तर बोटं वाकत नाहीत.